‘मी बघतो’ म्हणालं कोण?

ही पुस्तिका इतिवृत्त लिहिण्याबद्दलची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. इतिवृत्त म्हणजे समितीने काय ठरवलं याची नोंद. ती पुढच्या सभेत वाचली जाते, कायम होते, वर्षानुवर्षं दप्तरात राहते आणि वाद उपटला की उपनिबंधकांच्या कार्यालयापर्यंतही जाते. कामांच्या यादीचं आयुष्य त्या मानाने फार थोडं. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं एवढंच तिच्यात असतं आणि काम झालं की ती ओळ खोडली जाते. तरीही यादी करणं इतिवृत्तापेक्षा अवघड आहे. इतिवृत्तात ‘लिफ्टच्या देखभालीबाबत सविस्तर चर्चा झाली’ असं लिहून मोकळं होता येतं. यादीत माणसाचं नाव लिहावं लागतं आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी विचारतो, ‘मी कधी म्हणालो?’

ऑनलाइन बैठका रुळल्या तेव्हा हे भांडण संपेल असं वाटलं होतं. बैठक झाली की रेकॉर्डिंगसोबत ट्रान्स्क्रिप्टची फाइल मिळते. बहुतेक वेळा ती `.vtt` प्रकारची असते, म्हणजे साध्या नोटपॅडमध्येही उघडणारी. पहिल्या ओळीत `WEBVTT`, मग प्रत्येक तुकड्यावर तो कधी सुरू झाला आणि कधी संपला याची वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि खाली बोलणाऱ्याचं नाव व त्याचं वाक्य. सगळं समोर आहे, आता नुसतं वेचून काढायचं, असा समज होतो. पण फाइलमध्ये असतं ते बोलणं. काम कोणी अंगावर घेतलं हे त्या बोलण्यातून ठरवावं लागतं, आणि ते एका वाक्यात क्वचितच सापडतं.

हे संशोधकांनाही झगडून कळलेलं आहे. अमेरिकेत बर्कलीच्या इंटरनॅशनल कॉम्प्युटर सायन्स इन्स्टिट्यूटने या शतकाच्या सुरुवातीला आपल्याच 75 बैठका ध्वनिमुद्रित करून त्यांचं शब्दशः लेखन करवून घेतलं. पुढे स्टॅनफर्डमध्ये मॅथ्यू पर्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा संभाषणांतून कामं शोधायला घेतली. ‘हे वाक्य म्हणजे काम आहे का?’ एवढाच प्रश्न विचारला, तर माणसांमध्येही एकमत होत नव्हतं. म्हणून त्यांनी कामाचे चार भाग पाडले: कामाचं वर्णन, ते कोणाकडे, कधीपर्यंत आणि होकार. हे चार भाग चार वेगवेगळ्या वाक्यांत, चार वेगवेगळ्या तोंडून येऊ शकतात. ही पुस्तिका याच चौकडीवर उभी आहे. त्यातला होकार हा भाग सगळ्यांत जास्त गाळला जातो, म्हणून या प्रस्तावनेत मी त्याच्यावरच जास्त रेंगाळणार आहे.

उदाहरणासाठी एका गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीची बैठक घेऊ. बैठक बेतलेली आहे, पण अशा समितीत एकदा तरी बसलेल्याला ती ओळखीची वाटेल. रविवार, 8 जून. वेळ सकाळी साडेदहाची. सगळे येईपर्यंत, ‘आवाज येतोय का’ होईपर्यंत पावणेअकरा वाजतात आणि मग कोणाला तरी रेकॉर्डिंगचं बटण आठवतं. म्हणजे फाइलमधलं `00:00:00` हे पावणेअकराला पडलं. त्याआधीच्या पंधरा मिनिटांत जे ठरलं ते फाइलमध्ये नाही. मधे नेट गेलं आणि रेकॉर्डिंग दोन तुकड्यांत झालं, तर दुसरी फाइल पुन्हा शून्यापासून सुरू होते. तेव्हा कामाला लागण्यापूर्वी फाइलच्या माथ्यावर तीन गोष्टी हाताने लिहायच्या: बैठकीची तारीख आणि वार, रेकॉर्डिंग खऱ्या घड्याळात कधी सुरू झालं, आणि फाइल्स किती. तारीख फाइलमध्ये कुठेही नसते, हे लक्षात राहत नाही. ती नसेल तर ‘बुधवारपर्यंत’ या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही.

आता चौदाव्या मिनिटाला काय झालं ते पाहू.

```
00:14:07.120 --> 00:14:11.480
B-302: लिफ्टवाल्याचं कोटेशन फार आहे, दुसरीकडून मागवायला हवं.

00:14:12.050 --> 00:14:14.900
A-104 Secretary: हो, अजून दोन तरी हवीत.

00:14:15.300 --> 00:14:16.400
Redmi Note 9: मी बघतो.

00:14:17.400 --> 00:14:21.760
C-501: बुधवारपर्यंत मिळाली तर खजिनदारांना तुलना करता येईल.

00:14:18.600 --> 00:14:19.200
Redmi Note 9: हो हो.
```

घाईने वाचणारा इथे एक नीटस ओळ लिहील: दोन कोटेशनं मागवणे, ‘रेडमी नोट’वाले गृहस्थ, बुधवार 11 जून. तिन्ही घरं भरली. पण शेवटच्या दोन वेळा पाहा. C-501 चं वाक्य 14:21 ला संपतं आणि ‘हो हो’ 14:18 ला सुरू होतं, म्हणजे वाक्य जेमतेम सुरू झालेलं असताना. तो बुधवारला दिलेला होकार नाही. फोनवर समोरच्याला ‘ऐकतोय’ हे कळावं म्हणून आपण जो हुंकार देतो, तो आहे. ‘हं’, ‘बरं’, ‘अच्छा’, ‘हो ना’ हे सगळे याच जातीचे. विचारणारा बोलायचा थांबल्यानंतर आलेला ‘हो’ आणि तो बोलत असतानाच आलेला ‘हो’ यांत फरक करायचा, आणि तो करायला वेळेचे आकडे उपयोगी पडतात. आपोआप टाकलेल्या वेळा थोड्या मागेपुढे असू शकतात, तेव्हा आकड्यांवरून शंका घ्यायची आणि निकाल रेकॉर्डिंग ऐकून द्यायचा.

‘मी बघतो’ हेही तसं निसरडंच. मराठीत ते ‘करतो’पासून ‘तूर्त विषय संपवू या’पर्यंत काहीही असू शकतं. माझा नियम कडक आहे: नुसतं ‘बघतो’ असेल, तर नाव कच्च्या यादीत लिहायचं पण पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं. कोणी पुन्हा नेमकं विचारलं आणि त्या माणसाने क्रियापदासकट उत्तर दिलं, ‘मागवतो’, ‘पाठवतो’, ‘सोमवारी फोन करतो’, तर प्रश्नचिन्ह काढायचं. यापेक्षा जास्त घसरडं असतं ते ‘आपण’. ‘आपण हे करून घेऊ’ म्हणणारा ऐकणाऱ्यालाही त्यात ओढतो, सगळे मान डोलावतात, आणि काम कोणाकडेच राहत नाही. ‘आपण’, ‘समितीने’, ‘करायला हवं’, ‘होऊन जाईल’ ही वाक्यं कामाचं वर्णन म्हणून घ्यावीत. त्यांतून नाव कधीही काढू नये.

तर चौदाव्या मिनिटाचं काम असं उरलं: कोटेशनं मागवणे, नाव प्रश्नचिन्हासह, तारीख नाही. वरून खाली ओळी वेचत जाणारा इथेच थांबतो आणि फसतो, कारण अडतिसाव्या मिनिटाला ‘रेडमी नोट’ला काहीतरी आठवतं.

```
00:38:41.300 --> 00:38:47.800
Redmi Note 9: ते कोटेशनचं मी म्हणालो, पण मी उद्यापासून गावाला आहे. B-302 मागवतील का?

00:38:52.100 --> 00:38:55.600
B-302: हं, चालेल, मागवते. पण शुक्रवारपर्यंत होईल.
```

माणूस बदलला, तारीख आली. दोन्ही जागा वेचल्या तर यादीत एकच काम दोन नावांवर जातं, आणि मग दोघंही दुसऱ्याने केलं असेल असं धरून चालतात. म्हणून मी ट्रान्स्क्रिप्ट शेवटाकडून वाचायला घेते. शेवटच्या दहा मिनिटांत अध्यक्ष जी उजळणी करतात ती आधी वाचायची आणि मग सुरुवातीपासून यायचं. जे नंतर बोललं गेलं ते आधीच्यावर चढतं, हे डोक्यात पक्कं असलं की आधीच्या ओळींचा मोह पडत नाही. अध्यक्षांची उजळणीच यादी म्हणून उतरवून घेण्याचा सोपा मार्गही काही जण सुचवतात. तो मला पटत नाही. उजळणीत त्यांना आठवतं तेवढंच येतं आणि अवघड विषय हमखास गळतात.

दुसरी गोष्ट त्या ‘मागवते’मध्ये आहे. चौदाव्या मिनिटाला B-302 वरून बोलणारे समितीचे सदस्य होते, त्या घरातले सासरे. अडतिसाव्या मिनिटाला क्रियापद बाईचं आहे. दाराची बेल वाजली, सासरे उठले, आणि शेजारी बसलेल्या सुनेने उत्तर दिलं. लेबल तेच राहिलं, कारण लेबल माणसाचं नसतं, लॉगिनचं असतं. एका फ्लॅटमधून दोघं बसलेले, ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये एका माइकवर सहा जण बसलेले, फोनचं मॉडेल हेच नाव असलेले, या सगळ्यांसाठी सुरुवातीलाच एक कोष्टक करावं लागतं: लेबल कोणतं, त्यामागे कोणकोण असू शकतं. हजेरीपट आणि पहिली पाच मिनिटं यांवरून ते बऱ्यापैकी भरतं. रेकॉर्डिंगवरून नंतर वेगळ्या सॉफ्टवेअरने ट्रान्स्क्रिप्ट काढलं, तर लॉगिनसुद्धा मिळत नाही. `SPEAKER_00`, `SPEAKER_01` अशी लेबलं येतात, आवाजाच्या जातकुळीवरून पाडलेली. तिथे एकाच माणसाची दोन लेबलं होतात किंवा सारख्या आवाजाच्या दोघांचं एक.

करतो-करते या फरकाने मराठीत मोठी सोय झाली आहे. इंग्रजीतल्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये हा धागा मिळत नाही. पण त्यावर सगळा भार टाकू नये. आपोआप लिहिताना ‘तो’चं ‘ते’ सहज होतं. शिवाय कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. तेव्हा इथेही तेच करायचं: 38:52 वर जाऊन ऐकायचं. मग प्रश्न उरतो तो वेगळाच. सून समितीवर नाही, तिच्या नावावर काम लिहायचं का? यादी करणाऱ्याने हे ठरवू नये. एक फोन करावा. फोनवर बहुधा कळतं की लिफ्ट कंपन्यांना मेल तीच करणार आहे आणि सासऱ्यांची हरकत नाही. मग तिचं नाव लिहावं. फोन होईपर्यंत तिथे ‘B-302, खात्री बाकी’ एवढंच राहील.

आता फाइल वाचण्याजोगी करण्याबद्दल. तुकडे कुठे तोडायचे हे यंत्र अर्थ पाहून ठरवत नाही. थोडा विराम मिळाला किंवा ओळ लांबली की तोडतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर, म्हणून हा तोडा फार महागात पडतो.

```
00:26:03.200 --> 00:26:06.900
C-501: टाकी साफ करणाऱ्याला उरलेले पैसे मी देणार

00:26:07.000 --> 00:26:09.600
C-501: नव्हतो, पण तो दारातच येऊन उभा राहिला.
```

पहिला तुकडा एकटा उचलला तर यादीत C-501 च्या नावावर पैसे देण्याचं काम चढतं. पैसे तर देऊन झालेले आहेत! म्हणून पहिलं यांत्रिक काम जोडणीचं. मूळ फाइल तशीच ठेवून तिची प्रत घ्यायची, एकाच लेबलचे लागोपाठचे तुकडे एकत्र करायचे, पहिल्या तुकड्याची सुरुवातीची वेळ ठेवायची आणि बाकीच्या वेळा काढून टाकायच्या. मधे दुसऱ्याचा ‘हं’ आला असेल तरी वाक्य पुरं झालेलं नसेल तर जोडायचं, फक्त तो ‘हं’ कंसात राहू द्यायचा. तासाभराच्या बैठकीचे शेकडो तुकडे असतात आणि जोडल्यावर वाचण्याजोगे परिच्छेद उरतात. जोडण्यापूर्वी काम वेचायला बसू नये, एवढाच आग्रह आहे.

शब्दांच्या चुकाही याच वेळी खुणावून ठेवाव्यात. ‘ऑडिटरला’चं ‘एडिटरला’ झालेलं हसून सोडता येतं. ‘सतरा हजार’चं ‘सत्तर हजार’ झालेलं सोडता येत नाही, आणि ही जोडी मराठीत नेहमी गोत्यात आणते. यादीत जाणारा प्रत्येक आकडा, प्रत्येक विशेषनाम आणि प्रत्येक तारीख ऐकून तपासायची. बाकीचं चुकीचं शुद्धलेखन तसंच राहिलं तरी बिघडत नाही, ट्रान्स्क्रिप्ट आपल्याला छापायचं नाहीच. ते सगळ्यांना पाठवूही नये. त्यात वॉचमनबद्दलची कुरकुर असते, कोणाच्या आजारपणाचा उल्लेख असतो. पाठवायची ती यादी.

तारखांमध्ये ‘शुक्रवारपर्यंत’ सरळ आहे: रविवारी 8 जूनला म्हटलं म्हणजे 13 जून. ‘पुढच्या शुक्रवारी’ सरळ नाही. निम्मी माणसं 13 धरतात, निम्मी 20. तिथे जवळची तारीख लिहून शेजारी ‘की 20?’ असं विचारून टाकावं. ‘परवा’ मागचा की पुढचा हे क्रियापदावरून कळतं, तेही तुकडे जोडलेले असतील तरच. यादीत वार आणि तारीख दोन्ही लिहावं, म्हणजे एकात चूक झाली तर दुसऱ्यामुळे लगेच दिसते.

एक गाठ राहिली, ती गैरहजर माणसाची. एकतिसाव्या मिनिटाला सचिव म्हणाल्या, ‘ऑडिटरला फाइल खजिनदारच देतात, ते देतील.’ खजिनदार बैठकीला नव्हते. कामाचं वर्णन आहे, नाव आहे, होकार नाही, तारीख नाही. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, घ्यावी लागते. त्यामुळे यादी करणाऱ्याच्या हाताला खाज सुटते की इथे आपणच एखादी जुलैची तारीख टाकून द्यावी. टाकू नये. जी तारीख बैठकीत कोणी उच्चारली नाही ती यादीत ठरलेली म्हणून दिसली, की खजिनदारांचा विश्वास उडतो आणि मग यादीतली खरी तारीखही ते मानत नाहीत. ‘30 सप्टेंबरची सभा लक्षात घेऊन तारीख सांगावी’ अशी विनंती शेवटी जोडता येते. तिची जागा शेऱ्यात, तारखेच्या घरात नाही.

काम लिहिण्याची रीत थोडक्यात सांगते, कारण पुस्तिकेचं दुसरं प्रकरण त्यावरच आहे. ‘लिफ्ट’ हे काम नव्हे, तो विषय झाला. ‘लिफ्टचा पाठपुरावा करणे’ हेही नव्हे, कारण पाठपुरावा कधी संपला हे कोणालाच सांगता येत नाही. संपलं की डोळ्यांना दिसेल असं लिहावं. एका ओळीवर एकच नाव, मदतनीस असतील तर शेऱ्यात. आणि कच्च्या यादीत प्रत्येक ओळीपुढे ट्रान्स्क्रिप्टमधली वेळ, ज्या वाक्यात होकार मिळाला त्या वाक्याची. ‘मी कधी म्हणालो?’ याला तेवढंच उत्तर पुरतं: 38:52 ऐका. होकाराची वेळ लिहिता येत नसेल, तर काम निघालं त्या वाक्याची वेळ लिहावी आणि ती ओळ अजून पक्की झालेली नाही असं समजावं. मला तरी यापेक्षा सोपी कसोटी सापडलेली नाही.

आपल्या बैठकीची यादी मग अशी होते:

```
1. लिफ्ट देखभालीची आणखी दोन कोटेशनं मागवून समितीच्या
   ग्रुपवर टाकणे
   कोणाकडे: B-302 (सून; फोनवर खात्री केली)
   कधीपर्यंत: शुक्रवार, 13 जून      [38:52]

2. ऑडिटरला वर्षाची फाइल देणे
   कोणाकडे: खजिनदार (सुचवलेलं; होकार बाकी)
   कधीपर्यंत: ठरलं नाही              [31:20]
   शेरा: 30 सप्टेंबरची सभा लक्षात घेऊन तारीख सांगावी

3. पाण्याच्या टाकीची अर्धवट राहिलेली सफाई पुरी करून घेणे
   कोणाकडे: ठरलं नाही
   कधीपर्यंत: ठरलं नाही              [27:05]
```

पाऊण तासाच्या बैठकीतून तीनच कामं, आणि त्यांतलं एकच पुरतं पक्कं. अनेकांना हे कमी वाटतं आणि मग ते ‘वॉचमनच्या पाळीवर विचार करणे’ वगैरे घालून यादी फुगवतात. माझ्या अनुभवात तीन ओळींची खरी यादी बारा ओळींच्या यादीपेक्षा जास्त वेळा पुरी होते. ती त्याच संध्याकाळी पाठवावी, दुसऱ्या दिवशीपर्यंत दुरुस्त्या मागवाव्यात, आणि दुरुस्त केलेली प्रत नव्याने पाठवताना काय बदललं ते वर लिहावं.

तिसऱ्या ओळीला पाहून सचिवांना हमखास अवघडल्यासारखं होतं. सत्ताविसाव्या मिनिटाला C-501 म्हणाले होते, ‘आपण ते पुरं करून घेऊ’, तिघं जण ‘हो, घेऊच’ म्हणाले होते, आणि चर्चा पार्किंगकडे वळली होती. सभ्यपणा म्हणून ती ओळ गाळावी किंवा ज्यांनी पैसे दिलेत त्यांच्याच गळ्यात काम बांधावं, असं वाटतं. पुस्तिकेचा सल्ला दोन्हींच्या विरुद्ध आहे. ‘ठरलं नाही’ हे शब्द तसेच पाठवावेत. सोमवारी दुपारपर्यंत कोणी तरी ग्रुपवर ‘मी करून घेतो’ म्हणतं. मग त्या संदेशाची वेळ 27:05 च्या जागी येते. कोणीच काही म्हणालं नाही, तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय टाकीचा.